कर्ता गाळून बोलण्याची वर्षं

नाशिक, रविवार

प्रिय मैत्रिणी,

मागच्या आठवड्यात माझा मेसेज बघून तू गोंधळली असशील. चौदा वर्षांनी मेसेज करणारी मैत्रीण आधी ‘कशी आहेस’ म्हणते. मी विचारलं, तुझा पत्ता तोच आहे का आणि घरी आलेलं टपाल आधी कोण उघडतं? तू दोनच मिनिटांत लिहिलंस, ‘मीच उघडते. काय झालंय तुला?’ मी आजारी नाही आणि मला पैसेही नको आहेत. फोनवर लिहिलं नाही, कारण फोन मुलं हातात घेतात, नवरा वेळ बघायला उचलतो आणि पडद्यावर पहिल्या दोन ओळी आपोआप दिसतात. मला जे सांगायचं आहे ते नेमकं पहिल्या दोन ओळींतच येतं. कागद तुझ्या कपाटात राहील, नको वाटला तर फाडता येईल. तो दुसऱ्या कुणाला दाखवायचाच झाला, तर तो उठून न्यावा लागेल आणि तेवढ्या वेळात तुझा विचार होईल.

तर आधी तेच लिहिते. मी लेस्बियन आहे. मला पुरुष कधीच आवडले नाहीत, बायका आवडतात. २०१० पासून माझ्या आयुष्यात एक बाई आहे आणि २०१४ पासून आम्ही इंदिरानगरला एका घरात, जोडीदार म्हणून राहतो. हे मी पत्राच्या शेवटासाठी राखून ठेवणार होते. पहिला मसुदा तसाच होता, तीन पानं आठवणी आणि चौथ्या पानावर हे वाक्य. तो मी टाकून दिला. वाचणारी तीन पानं कर्करोग, कर्ज आणि घटस्फोट यांचे अंदाज करत जाते आणि खरी गोष्ट कळेपर्यंत थकून जाते. आता तुला माहीत आहे. इथून पुढे वाचायचं की नाही हे तू ठरव.

दुसरं वाक्यही लगेच लिहिते, कारण तुझ्या डोक्यात ते आलंच असेल. नाही, ती तू नव्हतीस. दहावीच्या वर्षी तुमच्या गच्चीवर एका गोधडीत झोपून आपण प्रमेयं पाठ केली, तू माझ्या केसांना तेल लावायचीस, गंगेवर फिरताना हात धरायचीस. त्या सगळ्याला मैत्रीशिवाय दुसरा अर्थ नव्हता. मला जी आवडत होती ती दुसऱ्या तुकडीत होती आणि तिच्याशी मी वर्षभरात चार वाक्यंही बोलले नव्हते. तुझ्याजवळ मी मोकळी होते, कारण तिथे काही लपवायचं नव्हतं. मी तुला सांगितलं नाही त्याचं एक मोठं कारण हेच. मी सांगितलं तर तू मागे जाऊन प्रत्येक रात्र तपासशील, ‘तेव्हाही तिच्या मनात काही होतं का’ असं स्वतःला विचारशील, अशी भीती वाटायची. माझ्याकडच्या सगळ्यात स्वच्छ आठवणी त्या, आणि त्याच तुझ्याकडे मळतील असं वाटायचं. हा तुझ्यावरचा अविश्वास होता, हे मला आता कळतं. तेव्हा मी त्याला काळजी म्हणायचे.

पण फक्त भीती म्हणून सोडून देणं खोटं होईल. लपवणं हे एकदा करून संपणारं काम नसतं, ते रोज करावं लागतं आणि त्याची रीत असते. ती रीत तुला सांगितल्याशिवाय तुला का तोडलं ते कळणार नाही.

आपल्या भाषेपासून सुरू करते. २०१० मध्ये ती पुण्याला नोकरीला होती आणि मी सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला. डब्याच्या वेळी बायका रोज माझ्या लग्नाचं काढायच्या, स्थळं सुचवायच्या. एकदा वैतागून मी म्हटलं, ‘आहे कोणीतरी.’ सुचवणं थांबलं. पण तिथून पुढे मला त्या ‘कोणीतरी’विषयी रोज बोलावं लागायचं आणि मराठीत माणसाविषयी चार वाक्यं बोलली की ते पुरुष आहे की बाई हे क्रियापद सांगूनच टाकतं. ‘पुण्याला असतो’ म्हणायचं की ‘असते’? ‘काल आला’ की ‘आली’? ‘जेवला’ की ‘जेवली’?

मग कुठली वाक्यं चालतात ते मी शिकत गेले. भविष्यकाळ चालतो. ‘शनिवारी येईल’, ‘येणार आहे’ यात कोण ते कळत नाही. ‘आहे’ चालतं, म्हणून ‘पुण्याला असते’ याऐवजी ‘पुण्याला नोकरी आहे’. भूतकाळात क्रियापद वस्तूला जोडून घेतलं की सुटता येतं. ‘फोन केला होता’ यात ‘केला’ हे फोनला लागतं, ‘साडी घेतली’ यात ‘घेतली’ साडीला. आजारपण तर सगळ्यात सोपं, ‘ताप आलाय’, ‘तब्येत बरी नाही’. कर्ता गाळायचा आणि वाक्य दुसऱ्याच कुणावर टेकवायचं. ‘आम्ही’ ही फार मोठी सोय आहे, कारण ‘आम्ही सोमेश्वरला गेलो’ हे बायका म्हणोत नाहीतर पुरुष, सारखंच राहतं. पण तिथेही खाच आहे. ‘आम्ही दोघी’ म्हटलं की उघडं पडतं आणि ‘आम्ही दोघे’ म्हटलं की खोटं होतं. म्हणून मी आकडा कधी सांगितला नाही.

‘ते’ म्हणून मोकळी होऊ शकले असते. बायका नवऱ्याला ‘ते’ म्हणतातच, कुणी वळूनही बघितलं नसतं. ते मी केलं नाही. गाळणं आणि बदलणं यात मी माझ्यापुरती एक रेघ मारली होती. ती रेघ बाहेरच्यांच्या काही उपयोगाची नव्हती, मला मात्र तिचा आधार होता.

चूक कुठे व्हायची तेही सांगते. दमलेलं असताना, हसताना आणि गोष्ट रंगात आल्यावर. एका सोमवारी मी सांगत होते, काल दुपारी किती वेळ फोन केला, उचलेचना, शेवटी कळलं की ‘झोपली होती’. डबे बंद करता करता एकजण थांबली. मी म्हटलं, ‘आई. घरी फोन करत होते ना.’ निभावलं. पण त्यानंतर मी रंगात येणं बंद केलं. लपवणाऱ्या माणसाचं बोलणं आखूड आणि कोरडं होत जातं ते असं. सहकाऱ्यांना वाटलं मी शिष्ट आहे. तुलाही त्या वर्षी तसंच वाटलं होतं आणि फोनवर तू ते बोलून दाखवलंस, ‘तू हल्ली बातम्या दिल्यासारखं बोलतेस.’ तुला बरोबर कळलं होतं. ऑफिसात वीस मिनिटं कर्ता गाळून बोलता येतं. तुझ्याशी आपण तास तास बोलायचो आणि तुला प्रत्येक गोष्टीत ‘मग? मग पुढे?’ लागायचं. तेवढा वेळ गाळता येत नाही.

घरी प्रश्न नेमका उलटा होता. आईपुढे ‘ती’ म्हणायला काहीच हरकत नव्हती, मुलीला मैत्रीण असणारच. घरी धोका होता तो मोजणीचा. एकच नाव आठवड्यातून किती वेळा येतं हे आईच्या लक्षात राहतं. पंचविशीपर्यंत ‘मैत्रिणीकडे जाते’ हे पुरतं. पुढे एकेक मैत्रीण लग्न होऊन जाते आणि ‘कोणती मैत्रीण?’ याची उत्तरं संपत येतात. शेवटी दोनच नावं उरली, तिचं आणि तुझं. मी तिच्याकडे गेलेले असताना कितीतरी वेळा तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता. त्याबद्दल मी तुझी माफी मागते. तू संगमनेरला, तुझं बाळ लहान, म्हणून ‘तिला मदतीला जाते’ हे आईला पटायचं. आईने तुला कधी फोन करून खात्री केली नाही, पण प्रत्येक वेळी ती करेल या धाकात मी दोन दिवस काढायचे.

आता स्थळांचं. तुझं २००८ मध्ये झालं आणि तू सुटलीस, म्हणून तुला ही बाजू ठाऊक नाही. वधू-वर मंडळात बाबांनी माझं नाव त्याच वर्षी घातलं. फॉर्मवर जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, मग उंची, रंग आणि शेवटी ‘अपेक्षा’. क्रम ठरलेला. आधी बायोडाटा, मग पत्रिका, पत्रिका जुळली तर फोनवर चौकशी, मग पोह्यांचा कार्यक्रम आणि आठ दिवसांत निरोप. नकार जितका लवकर मिळेल तितका कमी दुखतो. पोह्यांपर्यंत आलेल्या मुलाला मी नकार दिला की घरात कारण द्यावं लागायचं आणि दिलेल्या प्रत्येक कारणावर घरात उपाय निघायचा. शिक्षण पूर्ण करायचं आहे? दोन वर्षं थांबू. नोकरी सोडायची नाही? नाशिकमधलंच बघू. मुलगा बुटका आहे? उंच बघू. मी कारणं देत गेले आणि त्यातूनच वडिलांनी माझ्या मनातल्या मुलाचं चित्र तयार केलं. उंच, नाशिकचा, नोकरी करू देणारा, एकत्र कुटुंब नसलेला. २०११ च्या सुरुवातीला असा मुलगा खरंच आला. गंगापूर रोडला राहणारा, सभ्य आणि सरळ. माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. खोटी कारणं देऊन नकार देत राहणाऱ्या मुलीवर ही वेळ येतेच, कारण तिची कारणं घरचे खरी मानून त्यावर मेहनत घेत असतात.

माझा सगळा भरवसा पत्रिकेवर होता. छत्तीस गुणांतले अठरा जुळले तर पुढे जातात हे तुला माहीतच आहे, पण त्यातले आठ एकट्या नाडीचे. दोघांची नाडी एक निघाली की बाकी कितीही जुळो, आमच्याकडे मोठी माणसं आपणहून मागे सरायची, मला तोंड उघडावं लागायचं नाही. नाड्या तीनच, आद्य, मध्य आणि अंत्य. म्हणजे साधारण तीन स्थळांमागे एक असं परत जायचं. मंगळाचा तसा उपयोग नव्हता, त्यावर शांती होते. जन्मवेळ बदलून सांगण्याचा विचारही मी केला होता आणि त्यासाठी बसून अभ्यास केला. त्यातून एवढंच कळलं की लग्नरास दोनेक तासांनी बदलते, त्यामुळे वेळ हलवून मंगळ लावता किंवा काढता येतो. नाडी मात्र नक्षत्रावर ठरते आणि चंद्र एका नक्षत्रात जवळजवळ दिवसभर असतो. मला हवी होती ती गोष्ट वेळ हलवून हलत नव्हती. त्या गंगापूर रोडच्या मुलाशी माझे सत्तावीस गुण जुळले आणि नाडी वेगळी.

मी नाही म्हटलं. कारण दिलं नाही. तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही आणि चौथ्या दिवशी आईने तुला फोन केला.

तो फोन तुझ्या लक्षात असेल. आई तुला म्हणाली असणार, ‘तू विचार ना तिला, तुला सांगेल ती.’ तू मला रात्री फोन केलास आणि फार मायेने विचारलंस, ‘कोणी आहे का गं? परजातीचा आहे का? मला सांग, मी काकूंना समजावते.’ तू माझ्यासाठी भांडायला निघाली होतीस. ‘परजातीचा’ हा शब्द तू उच्चारलास तेव्हा मी अंगणात पायरीवर बसले होते. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, उद्या आई तुला पुन्हा फोन करेल आणि विचारेल, ‘काय म्हणाली?’ तुला खोटं बोलता येत नाही. आठवीत सहलीचे पैसे हरवले तेव्हा सगळ्या वर्गाने ‘माहीत नाही’ म्हटलं आणि तू एकटी उठून उभी राहिलीस. मी तुला सांगितलं असतं तर आईपुढे दोनच गोष्टी झाल्या असत्या. एक तर तू सांगून टाकलं असतंस, नाहीतर गप्प बसली असतीस, आणि तू गप्प बसलीस यावरून आईला कळलंच असतं. लपवणाऱ्याला धोका शत्रूकडून फारसा नसतो, कारण शत्रूला कुणी विचारत नाही. ज्या एका माणसाला सगळे विचारणार, तेच माणूस धोक्याचं. माझ्या बाबतीत ते माणूस तू होतीस.

मी म्हटलं, ‘कोणी नाही,’ आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात नंबर बदलला. तुला कळवला नाही. आईला सांगितलं की आपलं बिनसलं, म्हणजे ती तुला पुन्हा फोन करणार नाही. तुझं काहीही चुकलं नव्हतं. तुला वर्षानुवर्षं वाटलं असेल की त्या रात्री तू काहीतरी चुकीचं विचारलंस. विचारलंस ते योग्यच होतं, फक्त त्याचं उत्तर द्यायला माझ्याकडे सुरक्षित जागा नव्हती.

कायद्याचं थोडं सांगते, कारण तू म्हणशील, तेव्हा तर कोर्टाने मान्य केलं होतं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले आणि ती बातमी आमच्या घरीही पेपरात आली. बाबांनी पान उलटलं. पण ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि पुन्हा ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने ते संबंध गुन्ह्यातून काढले. म्हणजे मी घर सोडून तिच्याबरोबर राहायला आले ते २०१४ साल नेमकं मधल्या काळातलं. पण खरं सांगू, आम्हा बायकांना रोजची धास्ती त्या कलमाची नव्हती. घरच्यांच्या हातात त्याहून सोपी गोष्ट असते, पोलिसांत मुलगी हरवल्याची तक्रार देणं. म्हणून मी घर सोडलं तेव्हा न सांगता गेले नाही. बदली नव्हती, पण ‘ऑफिसजवळ खोली घेते’ असं सांगून, पत्ता लिहून देऊन, आईला एकदा खोली दाखवून गेले. सज्ञान मुलीने पोलिसांपुढे ‘मी माझ्या मर्जीने राहते’ असा जबाब दिला की अशी तक्रार संपायला हवी. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ ला अशाच दोन मुलींच्या प्रकरणात पोलिसांना ते स्पष्ट सांगितलं. पण जबाब द्यायला चौकीत बसावं लागतं आणि तिथे आईवडील समोर असतात. ती वेळ मला कुणावरही येऊ द्यायची नव्हती.

खोली घेताना मालकिणीने विचारलं, ‘तुम्ही दोघी कोण?’ आणि मी म्हटलं, ‘मावसबहिणी.’ हे उत्तर मी आधी घोटून ठेवलं होतं. सख्ख्या बहिणी म्हणता येत नाही, आधार कार्डावर वडिलांची नावं वेगळी. चुलत म्हणता येत नाही, आडनाव एक हवं. मावसबहिणींची आडनावं वेगळीच असतात, म्हणून कागद बघूनही कुणाला खटकत नाही. नुसतं ‘मैत्रिणी’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, लग्न कधी करणार, आणि एकीचं झालं तर दुसरी भाडं कसं भरणार. बहिणी म्हटलं की एकीला दुसरीवर सोपवून लोक निश्चिंत होतात.

पण नाशिक हे गाव मोठं झालं तरी चौकशी गावाचीच आहे. आडनाव सांगितलं की मूळ कुठलं, निफाडचे का येवल्याचे, अमक्यांचे कोण. मावसबहीण म्हटलं की दोघींच्या आया बहिणी झाल्या, म्हणजे आजोळ एक, मामा एक. माझी आई चांदवडची, तिची खानदेशातली. दोन वर्षांनी मालकिणीच्या ओळखीतलं कुणीतरी चांदवडचं निघालं आणि त्यांनी माझ्या मामाची सगळी भाचरं मोजून दाखवली. त्यात ती नव्हती. आम्ही पुढच्या महिन्यात घर बदललं. हे खोटं का टिकत नाही तेही तेव्हा कळलं. नात्याचा एक शब्द उचलला की त्याच्यामागे पंधरा-वीस खरी माणसं येतात आणि त्यातलं एक कुणीतरी नाशिकमध्ये राहत असतंच.

हेच मावसबहिणीचं खोटं आम्ही पुढे दवाखान्यात वापरलं. २०१६ मध्ये तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. ती शुद्धीवर होती, सज्ञान होती, म्हणजे संमती तिचीच पुरायला हवी, पण फॉर्मवर नातेवाइकाच्या सहीची जागा असते आणि ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना रिकामा ठेवला की काउंटरवरून परत पाठवतात. मी ‘मावसबहीण’ लिहिलं, सही केली. दुसऱ्या दिवशी तिची खरी मावशी आली आणि नर्सने तिला सांगितलं, ‘तुमची मुलगी रात्रभर बसून होती.’ मावशीने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. जाताना तिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘तूपण जेव.’ ती बाई आमच्याकडची पहिली, जिला न सांगता कळलं आणि जिने पुढे कुणाला सांगितलं नाही. तिच्यामुळे मला तुझी आठवण आली. सगळेच विचारल्यावर सांगून टाकत नाहीत, काहीजण विचारणाऱ्यालाच थांबवतात. तुला ती संधी मी दिलीच नव्हती.

मग त्या मावशीच्या डब्यानंतरही नऊ वर्षांनी का लिहितेस, असं तू विचारशील. मध्ये बरेच मसुदे झाले. आता धीर आला त्याचं कारण अगदी साधं आहे. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही. तशी ती आधीही नव्हती, पण काउंटरवर दाखवायला कागद नव्हता. आम्ही जाऊन खातं उघडलं. दोघींपैकी कुणीही चालवू शकेल आणि एक गेली तर दुसरीला पैसे मिळतील, असं. फॉर्मवर ‘नाते’ रकाना आला. तिने पेन माझ्या हातात दिलं. मी ‘मैत्रीण’ लिहिलं. पूर्ण खरं नाही, पण चौदा वर्षांत सरकारी कागदावर लिहिलेलं हे पहिलं खोटं नसलेलं उत्तर. लग्नाला कायद्याची मान्यता नाही, सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला ते संसदेवर सोडलं, त्यामुळे त्या रकान्यात याहून खरं काही बसत नाही. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण वारस म्हणून हक्क घरच्यांचाच राहतो, हेही तिथेच समजलं. म्हणून दोघींनी मृत्युपत्रं करायला घेतली आहेत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आपल्या समोर सही करणारे.

माझ्या बाजूने दोन माणसं शोधताना मी वहीत नावं लिहायला बसले. पहिलं नाव तिच्या मावशीचं लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं आणि मला कळलं की मी तिथे तुझं नाव लिहिणार होते, चौदा वर्षं न बोललेल्या माणसाचं. हे पत्र त्यासाठी नाही. साक्षीदार दुसरी मिळेल. पण तू माझ्या कागदांमध्ये अजून कुठे आहेस हे मला त्या दिवशी दिसलं.

आता हे वाचून झाल्यावर काय करायचं, तेही लिहून ठेवते, म्हणजे तुझ्यावर ओझं नको. आईला माहीत आहे, २०१९ पासून. ती त्यावर बोलत नाही, पण दिवाळीचा फराळ दोन डब्यांत पाठवते. माझ्या धाकट्या बहिणीला माहीत आहे आणि ती उघड बोलते. बाबांना आणि काकांकडे माहीत नाही. शाळेच्या ग्रुपवर कुणालाच माहीत नाही आणि तिथे यातलं काही जाऊ नये एवढी एकच विनंती आहे. तुझ्या नवऱ्याला सांगायचं की नाही हा तुझा प्रश्न, मी त्यात पडणार नाही. रागावली असशील तर राग कळव, मी तो ऐकून घेईन. तुझं नाव वापरून मी तिकडे जायचे, हे वाचून राग येणं साहजिक आहे. काहीच कळवावंसं वाटलं नाही तरी चालेल, मी पुन्हा मेसेज करणार नाही.

बोलावंसं वाटलं तर माझा नंबर तुझ्याकडे आहेच. रविवारी दुपारी चारनंतर आम्ही दोघी घरी असतो. तो चहाचा वेळ असतो आणि माझे हात पिठात असतात, म्हणून फोन बहुतेक तीच उचलेल. तिला तुझं नाव माहीत आहे, गच्ची माहीत आहे, गोधडी माहीत आहे. तू नुसतं ‘संगमनेरहून बोलतेय’ म्हण, ती मला हाक मारेल.

तुझी,
बाकावरची डावीकडची